घरभाड्याची समाश्रयण रेषा

सदनिकेच्या क्षेत्रफळावरून तिचे मासिक भाडे काढण्याचे शाब्दिक उदाहरण. दिलेल्या बिंदूंमधून न्यूनतम वर्ग पद्धतीने एक सरळ रेषा बसवतात, तीच समाश्रयण रेषा. ही पद्धत लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. रेषेवरून येणारे भाडे म्हणजे अंदाज. प्रत्यक्ष भाड्यातून हा अंदाज वजा केला की उरतो तो अवशेष. वजाबाकी उलटी केली तर सगळी चिन्हे फिरतात आणि महागडे घर स्वस्त दिसू लागते.

नाशिकमधील पाच सदनिका घेऊ (आकडे उदाहरणापुरते).

| क्षेत्रफळ (चौ. फूट) | भाडे (रु.) | अंदाज | अवशेष |
|---|---|---|---|
| ४०० | ८,००० | ८,००० | ० |
| ५०० | ९,५०० | ९,७५० | −२५० |
| ६०० | १२,५०० | ११,५०० | +१,००० |
| ७०० | १२,००० | १३,२५० | −१,२५० |
| ८०० | १५,५०० | १५,००० | +५०० |

सरासरी क्षेत्रफळ ६०० आणि सरासरी भाडे ११,५००. क्षेत्रफळ व भाडे यांच्या विचलनांच्या गुणाकारांची बेरीज १७,५०,००० येते, तिला क्षेत्रफळाच्या विचलनांच्या वर्गांच्या बेरजेने, म्हणजे १,००,००० ने, भागले की चढ १७.५ मिळतो. रेषा सरासरीच्या बिंदूतून जातेच, म्हणून क्षेत्रफळ x आणि भाड्याचा अंदाज y धरला तर y = १००० + १७.५x. चौरस फुटामागे साडेसतरा रुपये, हा चढाचा अर्थ. त्यातल्या १,००० ला मात्र ‘शून्य फुटांच्या घराचे भाडे’ समजू नये. रेषा चारशे ते आठशे फुटांपुरतीच भरवशाची.

अवशेषांची बेरीज शून्य आली, म्हणजे आकडेमोडीचा एक पडताळा जमला. विद्यार्थी इथेच थांबतात. पण मूळ माहिती चुकीची असली, तरी ही बेरीज शून्यच येते.

चिन्ह सोडले तर सातशे फुटांच्या घराचा −१,२५० हा अवशेष सर्वांत मोठा आहे. घर सिडकोत असेल, गंगापूर रोडला नसेल म्हणून स्वस्त, असे चटकन सुचते. त्याआधी क्षेत्रफळ कशाचे सांगितले ते पाहावे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार कारपेट क्षेत्रात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. एजंट मात्र बऱ्याचदा तेही धरून बिल्टअप बोलतो. समजा बाकीची चार घरे कारपेटने मोजली आणि हे एकच बिल्टअपने, प्रत्यक्षात कारपेट ६००. आता जुन्या रेषेत ६०० घालून भागत नाही, कारण हा बिंदू रेषा ठरवण्यातही होता. ती पुन्हा बसवावी लागते. नवा चढ सुमारे १९.३, या घराचा अंदाज सुमारे ११,८८६ आणि अवशेष जेमतेम +११४. म्हणजे घर स्वस्त नव्हतेच, आणि चुकीच्या मापाने सगळ्यांचाच चढ खाली ओढला होता.

दुसऱ्या सहाशे फुटांच्या घराचा अवशेष अजूनही +६१४ राहतो. मापाची शंका फिटल्यावर तिथे वस्ती, मजला, लिफ्ट यांची चौकशी करायची.