एनपीव्हीच्या शीटमधल्या चुका येतात कुठून

संचालक मंडळाच्या बैठकीआधी सहकाऱ्याची एनपीव्हीची, म्हणजे प्रकल्पाच्या निव्वळ वर्तमान मूल्याची, शीट तपासायला हातात आली की शोधायच्या गोष्टी मुख्यतः तीन असतात: सूत्राच्या जागी टाइप केलेला आकडा, एकाच ओळीत मध्येच बदललेलं सूत्र, आणि उलटं पडलेलं चिन्ह. या तिन्हींचं मूळ करणाऱ्याच्या हलगर्जीपणात जितकं आहे, तितकंच स्प्रेडशीट या साधनाच्या घडणीत आहे.

पहिली लोकप्रिय स्प्रेडशीट, व्हिसिकॅल्क, १९७९ साली अ‍ॅपल टू संगणकावर आली. डॅन ब्रिकलिन तेव्हा हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होते. फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागत, आणि हीच कटकट त्यांना संपवायची होती. बॉब फ्रँकस्टन यांच्यासोबत त्यांनी ती संपवलीही. एक आकडा बदला, बाकीचे आपोआप बदलतील, हा या साधनाचा मूळ करार. सूत्रावर कुणी आकडा टाइप केला की हा करार त्या एका सेलपुरता मोडतो, आणि पडद्यावर त्याची काहीच खूण दिसत नाही.

व्हिसिकॅल्कमध्ये सूत्राची नक्कल करताना प्रत्येक संदर्भासाठी प्रश्न यायचा: हा जागेप्रमाणे सरकवायचा की आहे तसा ठेवायचा? काम संथ व्हायचं, पण दर वेळी विचार करावा लागायचा. १९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये तो निर्णय सूत्रातल्या डॉलरच्या खुणेत गेला आणि पुढे एक्सेलमध्येही तीच रीत आली. नक्कल झटपट होऊ लागली. खूण विसरली तर चूकही तितक्याच झटपट पसरू लागली.

एनपीव्हीचं तयार फंक्शन व्हिसिकॅल्कपासूनच आहे, आणि शून्य वर्षाचा घोळही तिथूनच चालत आला आहे. हे फंक्शन दिलेल्या पट्ट्यातला पहिला आकडा पहिल्या वर्षाच्या अखेरीचा धरतं, म्हणजे त्यालाही एका वर्षाचा वटाव लावतं. १९८१ च्या एचपी-१२सी या वित्तीय गणकयंत्रात मात्र सुरुवातीची रक्कम वेगळ्या कळीने भरतात आणि तिला वटाव लागत नाही. दोन्हींकडे नाव एकच, हिशेब वेगळा. गणकयंत्राच्या सवयीने स्प्रेडशीट वापरणारा सगळा पट्टा एकदम फंक्शनला देतो आणि फसतो.

एक छोटी शीट घेऊ. आकडे लाखांत. `B1` मध्ये वटाव दर १० टक्के, `B2` मध्ये नगाची किंमत ६. ओळ ४ मध्ये वर्षं ० ते ५, `B` ते `G` या स्तंभांत. ओळ ५ महसूल, ६ चालू खर्च, ७ कर, ८ भांडवली खर्च, ९ खेळतं भांडवल, १० निव्वळ रोख प्रवाह, १२ विक्रीचे नग. बाहेर जाणाऱ्या रकमा उणे चिन्हाने लिहायच्या. दर वर्षी १०० नग, म्हणून महसूल ६००, खर्च २५०. कर सोयीसाठी ठरावीक ५० धरला आहे. सुरुवातीला यंत्रसामग्रीवर १००० आणि खेळत्या भांडवलात १०० अडकतात. ते १०० पाचव्या वर्षी सुटतात. या प्रकल्पाची खरी एनपीव्ही ९९.३३ येते.

सहकाऱ्याच्या फाइलमध्ये दिसते २४३.३३. त्याहून काळजीची गोष्ट त्याखालच्या तक्त्यात आहे: किंमत १० टक्क्यांनी घसरली तरी एनपीव्ही ७३.८१ उरते. खरा आकडा उणे १२८.१२ आहे. मंडळातलं कुणीतरी हमखास विचारतं, “भाव पडले तर काय?” आणि त्या प्रश्नालाच ही शीट उलटं उत्तर देते.

या फाइलमध्ये सुरुवातीला सांगितलेले तीन आणि शून्य वर्षाचा घोळ असे चार दोष आहेत. आधी शून्य वर्षाचा घ्यावा, कारण तो राहिला तर बाकीच्या दोषांचा परिणाम मोजताना प्रत्येक आकडा विस्कटतो. फाइलमधलं सूत्र आणि बरोबर सूत्र असं:

```
=NPV(B1,B10:G10)
=NPV(B1,C10:G10)+B10
```

फंक्शनवर विसंबायचं नसेल तर बाजूला स्वतंत्र पडताळा मांडावा:

```
=SUMPRODUCT(B10:G10/(1+B1)^B4:G4)
```

इथे पडताळा २६७.६६ देतो आणि फाइल २४३.३३. दोन्हींचं गुणोत्तर बरोबर १.१, म्हणजे एक अधिक वटाव दर. हे गुणोत्तर दिसलं की निदान पक्कं. ही चूक उत्तराचं चिन्ह कधीच बदलत नाही, फक्त त्याला शून्याकडे ओढते, म्हणून वर्षानुवर्षं खपून जाते. पडताळ्याचा आणखी एक उपयोग आहे. प्रवाहाच्या ओळीत एखादा सेल रिकामा असेल तर `NPV` तो वगळतं आणि पुढची सगळी वर्षं एक घर अलीकडे येतात. शून्य लिहिलेलं असेल तर तसं होत नाही. पडताळ्याचं सूत्र रिकाम्या सेलला शून्यच धरतं, त्यामुळे फरक लगेच उघडा पडतो.

आता चिन्ह. `B9` मध्ये +१०० आणि `G9` मध्ये −१०० आहे. हे आकडे बहुधा ताळेबंदाच्या अंदाजातून आले असावेत. तिथे खेळतं भांडवल वाढलं की आकडा धन दिसतो, पण रोखीच्या हिशेबात ती वाढ म्हणजे पैसे बाहेर जाणं. चिन्ह उलटलं की चूक मूळ रकमेच्या दुप्पट होते, कारण वजा व्हायचं ते राहतं आणि वर तेवढंच मिळवलं जातं. या १०० च्या येण्याजाण्याचा खरा परिणाम उणे ३७.९१, चुकीमुळे फरक पडतो ७५.८२. फिडेलिटीच्या मॅजेलन फंडात १९९४ च्या अखेरीस हेच घडलं. १.३ अब्ज डॉलरच्या निव्वळ भांडवली तोट्याचं वजाचं चिन्ह आकडे उतरवताना सुटलं आणि वाटपाचा अंदाज २.६ अब्जांनी चुकला. म्हणून शीटमधल्या न जुळणाऱ्या फरकाला नेहमी दोनने भागून बघावं आणि तेवढी रक्कम कुठल्या ओळीत आहे का ते शोधावं.

चिन्हांचा गोंधळ फंक्शनांतही आहे. `=PV(10%,5,300)` उत्तर देतं −११३७.२४, कारण ते चिन्ह उलटवतं. पाच वर्षांचे ३०० `NPV` ला दिले तर येतं +११३७.२४. एकाच शीटमध्ये दोन्ही वापरली असतील तर प्रत्येक जागी थांबून बघावं. चिन्ह पकडायची सर्वांत भरवशाची रीत म्हणजे एकेक गृहीतक थोडं हलवणं आणि एनपीव्ही कुठे जायला हवी हे आधीच कागदावर लिहून ठेवणं. खेळत्या भांडवलाची गरज १०० वरून ११० केली तर एनपीव्ही ३.७९ ने घटायला हवी. या फाइलमध्ये ती वाढते.

टाइप केलेला आकडा आहे `F5` मध्ये. ओळीत सगळीकडे `=C12*$B$2` या धर्तीचं सूत्र, आणि चौथ्या वर्षी मात्र थेट ६९०. पायाभूत उत्तरात त्याचा भार ६१.४७. पण त्याचं खरं नुकसान किंमत बदलल्यावर दिसतं: किंमत ५.४ केली की बाकीची चार वर्षं घसरतात आणि हे एक वर्ष जागचं हलत नाही. असे सेल शोधायला गणिताचा सगळा भाग निवडावा, `F5` कळ दाबून `Special` मध्ये `Constants` निवडावं आणि फक्त `Numbers` वर खूण ठेवावी. निवडले गेलेले सेल गृहीतकांच्या भागाबाहेर असतील तर प्रत्येकाचा जाब विचारायचा. सूत्राच्या पोटात लपलेले आकडे, जसं `=C12*$B$2*1.05` किंवा शेवटी चिकटवलेलं `+15`, या चाळणीतून निसटतात. त्यांच्यासाठी `Ctrl+`` दाबून सूत्रंच वाचावी लागतात.

चौथा दोष पाचव्या वर्षाच्या बेरजेत आहे. `G10` मध्ये कराची ओळ गळली आहे. इथे जुनी संदर्भपद्धत कामाला येते. मायक्रोसॉफ्टच्या १९८२ च्या मल्टिप्लॅनमध्ये सेलचा पत्ता ओळ आणि स्तंभाच्या अंतराने लिहीत, आणि एक्सेलमध्ये `R1C1 reference style` या नावाने ती सोय आजही आहे. या पद्धतीत नक्कल केलेलं सूत्र प्रत्येक सेलमध्ये अक्षरशः एकसारखं दिसतं, त्यामुळे वेगळं सूत्र नजरेत भरतं:

```
=SUM(R[-5]C:R[-1]C)
=SUM(R[-5]C:R[-4]C)+R[-2]C+R[-1]C
```

घाई असेल तर ओळ निवडून `Ctrl+\` दाबावं. पहिल्या सेलशी न जुळणारे सेल निवडले जातात. मात्र सगळ्याच सेलांत पट्टा सारखाच अपुरा असेल तर दोन्ही उपाय गप्प राहतात. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या २०१० च्या कर्जविषयक निबंधामागच्या शीटमध्ये सरासरी ३० ते ४९ ऐवजी ३० ते ४४ या ओळींची घेतली होती आणि पाच देश गळले होते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला मूळ फाइल मिळाली, तेव्हा कुठे २०१३ मध्ये ते बाहेर आलं. म्हणून बेरजेच्या निदान एका सेलवर `F2` दाबून रंगीत चौकट कुठवर जाते ते डोळ्यांनी पाहावं.

दुरुस्ती सहकाऱ्याच्या फाइलमध्ये स्वतः करू नये. नक्कल घ्यावी, एका वेळी एकच दोष दुरुस्त करावा आणि सेलचा पत्ता, जुनं, नवं आणि एनपीव्हीचा बदललेला आकडा नोंदवावा. इथली साखळी अशी: २४३.३३, शून्य वर्ष सुधारल्यावर २६७.६६, खेळत्या भांडवलानंतर १९१.८५, चौथ्या वर्षानंतर १३०.३७, कर मिळवल्यावर ९९.३३. ही यादी समोर असली की सहकाऱ्याशी बोलणं सोपं जातं. `F5` मधल्या ६९० मागे मोठ्या ऑर्डरची खरी माहितीही असू शकते. तसं असेल तर ती नगांच्या ओळीत ११५ म्हणून यायला हवी, महसुलावर थापलेली नको.

शक्य असेल तर दोघांनी वेगवेगळं तपासून मग याद्या जुळवाव्यात. आयबीएममध्ये मायकेल फॅगन यांनी १९७६ साली संगणकीय प्रोग्रामच्या तपासणीसाठी अशी शिस्तबद्ध रीत मांडली होती. हवाई विद्यापीठातले रेमंड पँको यांनी ती स्प्रेडशीटवर वापरून पाहिली, तेव्हा एकेकट्या तपासनिसांना मुद्दाम पेरलेल्या चुकांपैकी ६३ टक्के सापडल्या आणि तिघांच्या गटांना ८३ टक्के.

शेवटचं काम सादरीकरणाच्या फाइलमध्ये असतं. तिथला किंमतघटीचा तक्ता बहुतेक वेळा आकडे म्हणून चिकटवलेला असतो, म्हणजे तोही टाइप केलेला आकडाच. शीट सुधारली तरी तिथे ७३.८१ तसाच राहील. शीटमधला तक्ता `Data Table` ने केला असेल आणि गणना `Automatic except for data tables` वर ठेवली असेल, तर तोही जुनाच आकडा दाखवत राहतो. `F9` दाबून उणे १२८.१२ दिसल्याशिवाय तो तक्ता सादरीकरणात नव्याने चिकटवू नये.