यादीचं कॅरोसेल आणि साखळीचं कॅरोसेल: स्लाइड किती हव्यात?

इन्स्टाग्रामवर कॅरोसेल 2017 मध्ये आलं तेव्हा त्यात जास्तीत जास्त 10 फोटो टाकता यायचे. ऑगस्ट 2024 पासून 20 टाकता येतात. मर्यादा वाढली तशी आमच्या कामातली एक सवयही वाढली. आधी "दहा तरी करू या" असं म्हणणारी मंडळी आता पंधराच्या खाली यायला तयार नसतात. ही मर्यादा काही गाठायचं लक्ष्य नाही, हे सांगून सांगून मी थकलो. मग लक्षात आलं की "किती स्लाइड?" या प्रश्नाच्या आधी दुसरा एक प्रश्न विचारायला हवा: हे कॅरोसेल यादीचं आहे की साखळीचं?

दिसायला दोन्ही सारखीच असतात. तेच कव्हर, खाली तेच ठिपके, डावीकडे सरकवायचा तोच अंगठा. पण यादीत प्रत्येक स्लाइड आपापल्या पायावर उभी असते, तर साखळीत प्रत्येक स्लाइडला आधीच्या स्लाइडचा हात धरावा लागतो. ओळखायची युक्ती साधी आहे. मधल्या दोन स्लाइडची अदलाबदल करून पाहा. काहीच बिघडलं नाही तर ती यादी, अर्थ कोलमडला तर साखळी.

एकच विषय दोन्ही पद्धतींनी मांडून पाहू. विषय आहे कुंडीतल्या रोपाला जास्त पाणी घालणं. "पाणी जास्त होतंय हे ओळखायच्या सहा खुणा" ही झाली यादी: खालची पानं पिवळी पडणं, देठ मऊ होणं, मातीला कुबट वास येणं, वगैरे. एखादा वाचक तिसऱ्या खुणेनंतर निघून गेला तरी तीन खुणा घेऊन गेला. त्याचं नुकसान थोडं, तुमचंही थोडंच. म्हणून इथे सहा की आठ हा आकडा फारसा जिवावर बेतत नाही. खुणा खरोखर वेगळ्या असल्या म्हणजे झालं. आकडा फुगवायला "पानं पिवळी पडतात" आणि "पानांचा रंग उडतो" अशा दोन स्लाइड केल्या की मात्र वाचकाला भरती लगेच कळते. आणि यादीत सगळ्यात कामाची खूण आधी यायला हवी, शेवटासाठी राखून ठेवू नये.

आता तोच विषय साखळीत: "माती ओली असूनही रोप का कोमेजतं?" एका ओळखीच्या मुलीने यावर दहा स्लाइड केल्या होत्या. कव्हर. मग झाडं मनाला किती आनंद देतात. मग ही तक्रार किती जणांची असते. चौथ्या स्लाइडवर मातीच्या कणांमधली हवेची पोकळी, पाचवीवर ती पोकळी पाण्याने भरते, सहावीवर मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, सातवीवर मुळं कुजतात, आठवीवर कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत म्हणून रोप तहानल्यासारखं दिसतं. उपाय नवव्या स्लाइडवर: पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसून पाहा. दहावी "फॉलो करा".

मजकूर चुकीचा नव्हता. पण जे सांगायचं होतं ते आठ स्वाइपच्या पलीकडे ठेवलं होतं. हिशेब करून पाहा. धरून चालू की प्रत्येक स्वाइपला 100 पैकी 90 जण पुढे जातात. आठ स्वाइपनंतर 43 उरतात. उपाय पाचव्या स्लाइडवर असता, म्हणजे चार स्वाइप, तर 66 जणांनी तो वाचला असता. (90 हा आकडा मी हिशेबापुरता घेतला आहे. खऱ्या पोस्टमध्ये सगळ्यात मोठी गळती सहसा पहिल्याच स्वाइपला होते.) यादीत ही गळती परवडते. साखळीत शेवट हुकला की सगळंच हुकलं.

आम्ही ते पाचवर आणलं. दुसरी आणि तिसरी स्लाइड सरळ काढली. त्या झाकून वाचलं तर चौथीचा अर्थ तसाच लागत होता, म्हणजे त्या साखळीच्या कड्या नव्हत्याच. चौथी-पाचवी एकत्र केली: डावीकडे कोरडी माती, उजवीकडे पाण्याने भरलेली, शेजारी शेजारी. ही दोन चित्रं मिळून एकच विचार होता. सहावी-सातवीचंही तसंच, ऑक्सिजन तुटला आणि मूळ कुजलं. आठवी एकटी ठेवली, कारण खरी गंमत तिथे आहे: रोप तहानलेलं दिसतं, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. पाचवीवर बोट खुपसायचा उपाय, आणि तळाशी फॉलोची एक बारीक ओळ.

मग हाव सुटली. चार करू या का? कारण आणि उपाय एकाच स्लाइडवर बसवले. 1080 पिक्सेल रुंदीच्या कॅनव्हासवर ते नीट दिसत होतं, पण फोनवर तो कॅनव्हास साधारण एक तृतीयांश होतो. 30 पिक्सेलचं अक्षर तिथे 10 चं झालं आणि डोळे बारीक करून वाचावं लागलं. शिवाय त्या स्लाइडवर वाचकाला दोन कामं होती, आधी समजून घ्या आणि मग करून पाहा. आम्ही पाचवर परत आलो. स्लाइड कमी करणं म्हणजे तोच मजकूर कमी खोक्यांत कोंबणं नव्हे. एका स्लाइडवर एक विचार मावेनासा झाला की कपात थांबवायची.

पोस्ट उघडली की कोपऱ्यात 1/5 किंवा 1/18 असा आकडा दिसतो, तेव्हा लांबी लपवता येत नाही. साखळीला तो आकडा जास्त नडतो, कारण उत्तर कुठे आहे हे वाचकाला माहीत नसतं आणि 18 पर्यंत थांबावं लागेल असं त्याला वाटतं. यादीत तो आकडाच कधी कधी आमिष ठरतो.

दोन्ही प्रकारांत दुसऱ्या स्लाइडकडे मात्र सारखंच लक्ष द्यावं. कुणी कव्हर पाहून न सरकवता पुढे गेला, तर इन्स्टाग्राम तीच पोस्ट नंतर दुसऱ्या स्लाइडपासून दाखवू शकतं. यादीला त्याचं काही वाटत नाही. साखळीची दुसरी स्लाइड "म्हणूनच..." अशी सुरू होत असेल तर नवख्याला काहीच कळत नाही. आमच्या पाचांतल्या दुसरीवर आम्ही प्रश्न छोट्या अक्षरात पुन्हा लिहिला.

फेसबुकवर कॅरोसेलची जाहिरात चालवणाऱ्यांनी आणखी एक जागा पाहून ठेवावी. सर्वाधिक प्रतिसाद मिळणारी कार्डं आपोआप आधी दाखवायचा एक पर्याय तिथे असतो. यादीसाठी तो वरदान आहे. साखळीसाठी तो बंद करावा, नाहीतर उपाय आधी आणि कारण नंतर अशी उलटी वरात निघते.

साखळी लांब असलेलीच बरी असा एक प्रकार आहे, तो म्हणजे हातांनी करायची कृती. टायची गाठ शिकवणारं नऊ स्लाइडचं कॅरोसेल मी एकदा पाचवर आणलं आणि फसलो. वाचणाऱ्याचे दोन्ही हात टायमध्ये गुंतलेले असतात. तो एक पायरी पाहतो, करतो, मग सरकवतो. एका स्लाइडवर दोन पायऱ्या आल्या की टायचं कुठलं टोक वर होतं हेच तो विसरतो. अशा पोस्ट लोक सेव्ह करून आरशासमोर उघडतात, तिथे गळतीचा हिशेब लागू पडत नाही. ते कॅरोसेल मी परत नऊचं केलं.