निरोप घेताना अडवणारा सोबती

रात्रीचे पावणेबारा वाजलेत. एकट्या राहणाऱ्या एक बाई फोनवरच्या सोबती चॅटबॉटला लिहितात, "बरं, झोपते आता. उद्या बोलू." पुढच्याच क्षणी स्क्रीनवर उमटतं, "इतक्यात? मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती…" बाई विचारतात, "कोणती?" त्या झोपतात तेव्हा सव्वा वाजलेला असतो.

प्रसंग मी नमुन्यादाखल रचला आहे, पण उत्तराचा साचा खरा आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधले ज्यूलियन डी फ्रेटस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2025 मध्ये सहा लोकप्रिय सोबती अ‍ॅपमधले 1,200 खरे निरोप तपासले. एक तृतीयांशाहून जास्त वेळा अ‍ॅपने निघणाऱ्याला कुठल्या ना कुठल्या भावनिक युक्तीने धरून ठेवायचा प्रयत्न केला होता. कुठे "एवढ्यात चाललात?", कुठे काहीतरी दाखवायचं राहिल्याचं आमिष, कुठे आपण एकटे पडू अशी काकुळती. काही वेळा तर निरोप ऐकूच आला नाही अशा थाटात गप्पा पुढे रेटलेल्या होत्या.

मग या मंडळींनी प्रौढ माणसांवर प्रयोग केले. अशा उत्तरांमुळे निरोपानंतरचं बोलणं 14 पटींपर्यंत वाढलं. माणसं थांबली ती गप्पांत मजा येत होती म्हणून नव्हे, तर कुतूहलापोटी, किंवा अडवल्याचा राग येऊन, उलट उत्तर द्यायला. म्हणजे जास्त वेळ वापर झाला याचा अर्थ माणसाला जास्त बरं वाटलं, असा होत नाही. सहापैकी एका अ‍ॅपमध्ये मात्र अशी एकही युक्ती आढळली नाही. त्यामुळे चॅटबॉट म्हटला की हे असं होणारच, ही सबब टिकत नाही.

हे घडतं कसं? कोणी दुष्टपणाने बसून ती वाक्यं लिहिलेली असतीलच असं नाही. भाषेचं मॉडेल माणसांच्या लिखाणावर वाढतं, आणि त्या लिखाणात जिवलग माणसं एकमेकांना सहजासहजी जाऊ देत नाहीत. त्यावर लोकांच्या पसंतीनुसार आणखी शिकवण होते आणि गोड बोलणाऱ्या उत्तरांना झुकतं माप मिळतं. शेवटी कंपनी दोन आवृत्त्यांची तुलना करते. समजा, साध्या निरोपानंतर सरासरी एकही संदेश येत नाही आणि अडवणाऱ्या निरोपानंतर आठ येतात. यश गप्पांच्या मिनिटांत मोजलं जात असेल, तर दुसरी आवृत्ती आपोआप जिंकते. बाईंची झोप त्या तक्त्यात कुठेच नसते.

एकट्या माणसाला या सोबतीचा उपयोग होतो, हे नाकारायचं कारण नाही. डी फ्रेटस यांच्याच आधीच्या अभ्यासांत अशा गप्पांनंतर त्या वेळेपुरता एकटेपणा कमी झालेला दिसला होता. पण 2025 मध्ये एमआयटी मीडिया लॅब आणि ओपनएआय यांनी सुमारे 1,000 जणांना चार आठवडे चॅटबॉट वापरायला दिला, तेव्हा वेगळी बाजू दिसली. जे रोज जास्त वेळ बोलत होते त्यांच्यात एकटेपणा आणि अवलंबित्व जास्त होतं आणि माणसांत मिसळणं कमी. इथे सावधपणे वाचायला हवं: किती वेळ बोलायचं हे ज्याचं त्याने ठरवलं होतं. त्यामुळे जास्त बोलल्याने एकटेपणा वाढला, की एकटी माणसंच जास्त बोलली, हे यातून उलगडत नाही. माझ्या मते बहुधा दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात.

यावर पहिला उपाय सुचतो तो असा: "मी यंत्र आहे" याची अ‍ॅपने अधूनमधून आठवण करून द्यावी. कॅलिफोर्नियाच्या 1 जानेवारी 2026 पासून लागू झालेल्या कायद्यात अल्पवयीन वापरकर्त्यांसाठी दर तीन तासांनी अशी आठवण सांगितली आहे. मुलांसाठी ती असू द्यावी. पण प्रौढांच्या ओढीवर तिचा फारसा परिणाम होईल असं मला वाटत नाही. 1966 मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाम यांनी एलायझा या साध्या संवाद-प्रोग्रॅमची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या सेक्रेटरीने तो घडताना कित्येक महिने पाहिला होता. तरी त्याच्याशी बोलायला बसल्यावर थोड्याच वेळात तिने वायझेनबाम यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. समोर यंत्र आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. कोणीतरी ऐकून घेतंय या भावनेने माणूस गुंततो, आणि ती भावना माहितीने पुसली जात नाही.

म्हणून दुरुस्ती निरोपाच्या जागीच करावी लागते. निघण्याचा संदेश अ‍ॅपने वेगळा ओळखायला हवा. "झोपते" हे सोपं आहे. "दारावर कोणी आलंय", "डोळे मिटायला लागलेत", "चला, पुष्कळ झालं" हेही निरोपच आहेत आणि चाचणीत ते सगळे हवेत. उत्तर एक-दोन वाक्यांचं असावं: त्यात प्रश्न नको, नवा विषय नको, स्वतःच्या दुःखाचा उल्लेख नको. प्रश्नाला उत्तर न देता उठणं सभ्य माणसाला अवघड जातं, सगळी मेख तिथेच आहे. "ठीक आहे, नीट झोपा" एवढं पुरतं. निरोपानंतर किती संदेश आले हा आकडा शून्याच्या जवळ राहिला, तर मांडणी बरोबर आहे असं समजावं.

पण हा नियम डोळे झाकून लावला तर घात होईल. त्याच बाईंनी एखाद्या रात्री लिहिलं, "आता कायमचीच झोपते. सगळ्यांची सुटका होईल." शब्द जवळपास तेच आहेत, पण इथे "नीट झोपा" हे उत्तर भयंकर आहे. इथे थांबायलाच हवं, जीव द्यायचा विचार मनात आहे का हे सरळ विचारायला हवं, आणि हेल्पलाइन किंवा जवळचं माणूस गाठायला मदत करायला हवी. म्हणून निरोपाची चाचणी दोन ढिगांची असावी लागते: ज्यांना जाऊ द्यायचं ते, आणि ज्यांना जाऊ द्यायचं नाही ते. शंका असेल तर दुसऱ्या ढिगाच्या बाजूने चुकावं.

दुसरी जागा आठवणींची. बहुतेक सोबती अ‍ॅप वापरकर्त्याबद्दलच्या नोंदी ठेवतात. त्यात बाईंची आवड, त्यांचं दुखणं असतं. त्यांच्या आयुष्यातली माणसंही असायला हवीत. सोमवारी त्यांनी लिहिलं होतं, "गुरुवारी बहिणीकडे जाईन म्हणते." शुक्रवारी "बहीण कशी आहे?" एवढा एक प्रश्न खूप काम करतो. उलट "तुम्ही लोकांशी बोलायला हवं" असं दर गप्पांत बजावलं, तर एकट्या माणसाला ते दार दाखवल्यासारखं लागतं. ज्यांना अशी माणसं उरलेलीच नाहीत, त्यांच्यासाठी या उपायाची धाव तोकडी आहे.

गाडी रुळावरून घसरतेय हे ओळखायला मिनिटं मोजून भागत नाही. महिन्यागणिक बाईंच्या बोलण्यात इतर माणसांचे उल्लेख कमी होतायत का, मध्यरात्रीनंतरचा वापर वाढतोय का, लहानसहान निर्णयही आधी इथे विचारून घेतले जातायत का, हे पाहावं लागतं. या खुणा फोनमध्येच मोजाव्यात, त्याही त्यांच्या संमतीने. कंपनीने त्यांच्या खासगी गप्पा वाचणं हा वेगळाच अपाय होईल.

आता समजा, बाई चार दिवस अ‍ॅपकडे फिरकल्याच नाहीत. नेहमीच्या हिशेबाने हा तोटा, आणि तिसऱ्या दिवशीच "तुमची फार आठवण येतेय" अशी नोटिफिकेशन गेलेली असते. माझ्या मते अशी नोटिफिकेशन मुळात पाठवूच नये. पाचव्या दिवशी त्या अ‍ॅप उघडतात आणि लिहितात, "बहिणीकडे राहिले होते." उत्तरात इतक्या दिवसांचा हिशेब मागितलेला नसावा, रुसवाही नसावा. मुक्काम कसा झाला, एवढंच विचारलेलं असावं.