सुरुवातीच्या वेगांचा तक्ता: घड्याळापासून मोबाइलच्या फोटोपर्यंत

दादरचा क्लास सुटला की फळ्यावरच्या तक्त्याचा मोबाइलवर फोटो निघतो, आणि रात्री तोच ग्रुपवर फिरतो: चार ओळी, तीन संहती, शेवटी सुरुवातीचा वेग. रेट लॉ लिहा, k काढा. या मांडणीमागे दीडशे वर्षांपूर्वीची प्रयोगाची एक शिस्त आहे. ती कळली की फोटोतला चुकीचा आकडाही पकडता येतो.

अभिक्रियेचा वेग गणितात बसवण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न विल्हेल्मीचा. आम्लात साखर किती वेगाने फुटते हे त्याने १८५० मध्ये पोलारिमीटरने मोजलं. वेग उरलेल्या साखरेच्या प्रमाणात निघाला. तिथे बदलणारा पदार्थ एकच होता. अनेक पदार्थांचा गुंता ऑक्सफर्डमध्ये सुटला. रसायनज्ञ हारकोर्ट आणि गणितज्ञ एसन यांनी १८६७ च्या निबंधात आम्लातल्या हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आयोडाइडचा अभ्यास मांडला:

```
H2O2 + 2I- + 2H+ → I2 + 2H2O
```

द्रावणात स्टार्च आणि मोजून थोडं थायोसल्फेट घातलेलं असे. तयार होणारं आयोडीन थायोसल्फेट लगेच खाऊन टाकतं. ते संपलं की द्रावण निळं पडतं. पुन्हा तेवढंच थायोसल्फेट घालायचं आणि पुढच्या निळ्यापर्यंतचा वेळ मोजायचा. मग एकाच पदार्थाची संहती बदलून, बाकी सगळं तसंच ठेवून, प्रयोग पुन्हा करायचा. आजच्या तक्त्यात दोन ओळींमध्ये एकच आकडा बदललेला दिसतो तो याच रीतीने.

पुढे १८८४ मध्ये व्हान्ट हॉफने वेगाच्या लॉगवरून ऑर्डर काढायची पद्धत मांडली. सुरुवातीचाच वेग का घ्यायचा, याचं चांगलं उत्तर बोडेनस्टाइन आणि लिंड यांच्या १९०७ च्या कामात आहे: हायड्रोजन आणि ब्रोमीनच्या अभिक्रियेत तयार होणारा HBr स्वतःच वेग कमी करतो. उत्पादन साठायच्या आत मोजलं तर ही भानगड टळते.

आता तक्ता, २५ अंश सेल्सिअसचा. संहती mol/L मध्ये, वेग mol/L/s मध्ये:

```
    [H2O2]  [I-]   [H+]    वेग × 10^6
1   0.010   0.010  0.0005  1.15
2   0.020   0.010  0.0005  2.30
3   0.020   0.030  0.0005  6.90
4   0.010   0.010  0.0010  1.15
```

ओळ १ वरून २ वर जाताना पेरॉक्साइड दुप्पट, वेगही दुप्पट, म्हणजे ऑर्डर १. ओळ २ वरून ३ वर आयोडाइड तिप्पट, वेग तिप्पट, पुन्हा १. समीकरणात आयोडाइडपुढे २ आहे म्हणून घात २ लिहिणं ही नेहमीची चूक. ओळ १ आणि ४ पाहता आम्लाची ऑर्डर शून्य. (आम्ल खूप वाढवलं तर आम्लावर अवलंबून असलेलं दुसरं पदही जाणवू लागतं, इथे ते प्रयोगाच्या चुकीत बुडून जातं.)

```
वेग = k[H2O2][I-]
k = 1.15×10^-6 / (0.010 × 0.010) = 1.15×10^-2 L/mol/s
```

इथे थांबू नका, प्रत्येक ओळीवरून k काढा. समजा, फोटो तिरका आला आणि 6.90 चा 8.90 वाचला गेला. आयोडाइडची ऑर्डर log(3.87)/log(3), म्हणजे 1.23 येईल. असा आडनिडा घात दिसला की आधी फोटो मोठा करून बघावा. ऑर्डर १ धरून त्या ओळीचा k 1.48×10^-2 येतो आणि बाकी तीन ओळींचा 1.15×10^-2, तेव्हा गुन्हेगार तिसरीच ओळ.

ही तपासणी जिथे कामाला येत नाही ती जागा म्हणजे तक्त्याचा मथळा. 10^6 फोटोत कापला गेला किंवा सेकंदाऐवजी मिनिट वाचलं, तर सगळ्या ओळी सारख्याच प्रमाणात चुकतात. गुणोत्तरं तीच राहतात, ऑर्डर बरोबर येतात, चारही k एकमेकांशी जुळतात आणि तरीही उत्तर चूक असतं. म्हणून फोटो काढताना मथळा पूर्ण आला पाहिजे. तो वेग कोणाचा हेही त्यातच असतं: आयोडाइड संपण्याचा वेग आयोडीन तयार होण्याच्या दुप्पट, म्हणून तो रकाना तसाच वापरला तर k 2.30×10^-2 निघेल.

आकडे प्रयोगशाळेत प्रत्यक्ष मोजलेले असतील तर तापमानही विचारा. मुंबईच्या उन्हाळ्यात ३२ अंशांवर हाच k साधारण दीडपट भरतो. तेव्हा तो २५ अंशांच्या k शी जुळला नाही, तर दोष फोटोचा नसतो.