एमूपालन का बुडालं आणि अंड्याचा धंदा का टिकला

2010 च्या आसपास आपल्याकडे एमूचं जबरदस्त खूळ होतं, आठवत असेल. पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाचा. भारतात तो 90 च्या दशकात आला, आधी आंध्रात, मग तामिळनाडू, महाराष्ट्र. गंमत म्हणजे त्याच दशकात अमेरिकेत एमूचा फुगा फुटत होता. तिथे सुरुवातीला एका जोडीला हजारो डॉलर मिळायचे आणि दशक संपेपर्यंत कोणी फुकट न्यायलाही तयार नव्हतं, लोकांनी पक्षी चक्क मोकळे सोडून दिले.

आपल्याकडेही धंदा कागदावर मस्त दिसायचा, मांस कमी चरबीचं, तेल औषधी, कातडं महाग. पण प्रत्यक्षात पैसा यायचा तो अंडी आणि पिल्लं विकून, आणि पिल्लं घेणारा कोण, तर नवीन फार्म टाकणारा दुसरा शेतकरी! खाणारं गिऱ्हाईक जवळजवळ नव्हतंच. म्हणजे नवीन माणसं येत राहतील तोवरच भाव, ती थांबली की पिल्लाला किंमत शून्य आणि खाद्याचा खर्च मात्र रोजचा.

तामिळनाडूत पेरुंदुराईच्या सुसी एमू फार्म्सची स्कीम बघा. दीड लाख भरा, 6 पिल्लं घ्या, महिन्याला 6,000, वर्षाला 20,000 बोनस आणि दोन वर्षांनी दीड लाख परत. आता हिशोब मांडा, दोन वर्षांत कंपनी देणार 1,84,000 आणि वर मुद्दल, म्हणजे 3,34,000. मुद्दल तुमचंच परत धरलं तरी 1,84,000 त्या 6 पक्ष्यांमधूनच काढायचे. एका पक्ष्यामागे 30 हजारांच्या वर झाले! एका एमूतून मांस निघतं साधारण 25 ते 30 किलो आणि तेल चार-पाच लिटर. मग मांस किलोला हजार-बाराशेंना विकलं तरी जेमतेम जुळेल, आणि खाद्य, शेड कंपनीचंच. हे गणित कोणीही पाच मिनिटांत केलं असतं, पण शेजाऱ्याला हप्ता येताना दिसत होता ना. ऑगस्ट 2012 मध्ये सगळं कोसळलं.

याउलट कोंबडीची अंडी. तिथेही संकट आलंच होतं, 80 च्या सुरुवातीला व्यापारी भाव पाडायचे आणि उत्पादन खर्चही निघत नव्हता. पण अंडं विकत घेणारा ते खायला घेत होता, तो उद्या परत येणारच होता. म्हणून पुण्याच्या बी. व्ही. राव यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणून 1982 साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती म्हणजे एनईसीसी उभी केली आणि शेतकरी स्वतः भाव जाहीर करायला लागले, तेव्हा धंदा सावरला. मागणी खरी असेल तर भावाचा प्रश्न असा सोडवता येतो, एमूत सोडवायला मागणीच नव्हती.

कडकनाथ या काळ्या मांसाच्या देशी कोंबडीचं प्रकरण मात्र जरा वेगळं आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआत तो पिढ्यानपिढ्या खाल्ला जातो, 2018 मध्ये त्याच्या मांसाला जीआय टॅगही मिळाला, म्हणजे पक्षी खोटा नाही. तरी 2019 मध्ये सांगली भागात शेतकरी अडकलेच, कारण तिथेही अंडी-पक्षी परत घेणार ती पिल्लं विकणारी कंपनीच होती, बाजारातलं गिऱ्हाईक नाही. त्यामुळे कोणी बाय-बॅकची हमी दिली तर मी पहिल्यांदा विचारते की तुम्ही पुढे हा माल कुठल्या शहरात, कोणाला आणि काय भावाने विकता, तिथली बिलं दाखवा.