शोगुनशाही (जपान)

जपानमध्ये बाराव्या शतकाच्या अखेरीपासून १८६८ पर्यंत, मधले काही खंड सोडता, प्रत्यक्ष सत्ता लढवय्या घराण्यांच्या हाती होती. तिच्या प्रमुखाला शोगुन म्हणजे सरसेनापती आणि या राजवटीला शोगुनशाही म्हणतात. सम्राट राजधानी क्योतोतच राहिला आणि पदव्या त्याच्याच नावाने दिल्या जात राहिल्या. कामाकुरा, आशिकागा (मुरोमाची) आणि तोकुगावा अशा तीन शोगुनशाह्या झाल्या. त्यांपैकी तोकुगावांनी सतराव्या शतकात परदेशी संपर्कावर कडक बंधने घातली.

सामुराईंनी म्हणजे या लढवय्यांनी तलवारीच्या जोरावर राज्य हिसकावले, असा सर्वसाधारण समज आहे. पण खरी सुरुवात जमिनीच्या हक्कांपासून झाली. क्योतोतील सरदार आणि मोठी मठ-मंदिरे यांच्याकडे दूरदूरच्या प्रांतांत करमाफीच्या जहागिरी होत्या. त्यांना ‘शोएन’ म्हणत. मालक राजधानीत राहत. गावात वसुली करणारा, बांधावरचे तंटे सोडवणारा आणि वेळ पडल्यास घोड्यावर बसून लढणारा माणूस स्थानिक असे. या माणसाच्या हक्काची हमी कोण देणार, हा प्रश्न कायम लोंबकळत असे. दरबारातील एखाद्या सरदाराची मर्जी फिरली की पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट जाई.

दरबारी भांडणांत मदतीला बोलावलेल्या ताइरा आणि मिनामोतो या दोन घराण्यांनी बाराव्या शतकाच्या मध्यापासून आपले बळ ओळखले. आधी ताइरा वरचढ ठरले. मात्र ताइरा कियोमोरी दरबारातच रमला. त्याने मुलगी सम्राटाला दिली आणि नातवाला गादीवर बसवले. प्रांतातल्या लढवय्यांचा प्रश्न होता तिथेच राहिला. मिनामोतो योरितोमोने तो नेमका हेरला. पूर्वेकडील कामाकुरा येथे बसून, जो आपली निष्ठा पत्करेल त्याच्या जमिनीची हमी तो स्वतः देऊ लागला. ११८५ मध्ये दान-नो-उरा येथील सागरी लढाईत ताइरांचा पाडाव झाला. त्याच वर्षी योरितोमोने जहागिरींवर ‘जितो’ म्हणजे वसुली पाहणारे आणि प्रांतांवर ‘शुगो’ म्हणजे लष्करी अंमलदार नेमण्याचा हक्क दरबाराकडून मिळवला. ११९२ मध्ये मिळालेली शोगुन ही पदवी त्यानंतरची. राजवटीचा पाया जितोच होता : जमिनीचा मालक क्योतोत, पण वसुलीतला ठरलेला वाटा गावातल्या लढवय्याचा, आणि तो काढून घेण्याचा अधिकार फक्त कामाकुराला.

१२२१ मध्ये निवृत्त सम्राट गो-तोबाने ही व्यवस्था मोडू पाहिली आणि तो हरला. त्याच्या पक्षाच्या सुमारे ३,००० जहागिरी जप्त झाल्या, तिथे पूर्वेकडील लढवय्ये जितो म्हणून बसवले गेले. त्यांचा वाटा नियमाने ठरला : चो या मापाने दर अकरा चो जमिनीमागे एका चोचे उत्पन्न, शिवाय तांदळाची ठरावीक पट्टी.

ही देवाणघेवाण कशी चाले, हे ताकेझाकी सुएनागा या क्यूशू बेटावरील गरीब सामुराईच्या हकिकतीवरून दिसते. १२७४ मध्ये मंगोल चालून आले तेव्हा तो आघाडीवर लढला, पण बक्षिसाच्या यादीत त्याचे नाव आले नाही. प्रवासखर्चासाठी त्याने घोडे आणि खोगीर विकले, कामाकुरा गाठले आणि आदाची यासुमोरी या अधिकाऱ्यापुढे आपली बाजू मांडली. त्याला एका जहागिरीचे जितोपद आणि घोडा मिळाला. पुढे त्याने ही सारी हकिकत चित्रांच्या गुंडाळीत उतरवून घेतली. बाकीच्यांचे नशीब एवढे चांगले नव्हते. मंगोलांकडून जिंकलेली जमीनच नसल्यामुळे वाटायला काही उरले नाही. नाराजी साचत गेली आणि १३३३ मध्ये कामाकुराची राजवट कोसळली. पुढच्या आशिकागा शोगुनांची पकड ढिली होती. ओनिन युद्धानंतर (१४६७–७७) तर प्रत्येक प्रांतात दाइम्यो म्हणजे प्रादेशिक सत्ताधीश स्वतंत्रपणे लढू लागले.

या धामधुमीतच पोर्तुगीज आले. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर त्यांच्या बंदुका उतरल्या. १५४९ मध्ये ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला पोहोचले. सोबत अंजिरो हा जपानी वाटाड्या होता, जो आदल्या वर्षी गोव्यात बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला होता. क्यूशूतील दाइम्योंना धर्मापेक्षा जहाजे हवी होती. पाद्री आले की मागोमाग व्यापार येई. १५८० मध्ये ओमुरा सुमितादाने नागासाकी बंदर चक्क जेझुइटांच्या हवाली केले. तोयोतोमी हिदेयोशी देश एका सत्तेखाली आणत होता. जमीन परक्या धर्मसंघाकडे जाणे त्याला खपणारे नव्हते. १५८७ मध्ये त्याने पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला आणि पुढे नागासाकी परत घेतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ ख्रिस्ती लोकांना वधस्तंभावर चढवले. त्यांतले गोन्सालो गार्सिया मूळचे वसईचे. फ्रान्सिस्कन पाद्र्यांचे दुभाषे म्हणून ते काम करत.

१६०० मधील सेकिगाहाराच्या लढाईनंतर सत्ता तोकुगावा इएयासूकडे आली. हरलेले, पण शिल्लक राहिलेले मोठे दाइम्यो पश्चिमेला होते, आणि परदेशी जहाजेही तिथेच लागत. व्यापार इएयासूलाही हवा होता. मात्र १६१२ मध्ये ओकामोतो दाइहाची प्रकरणाने ख्रिस्ती दाइम्योंबद्दलचा संशय पक्का केला. अरिमा हारुनोबू या ख्रिस्ती दाइम्योने गमावलेली जमीन परत मिळावी म्हणून शोगुनशाहीतल्या ओकामोतो या ख्रिस्ती कारकुनाला लाच दिली होती. जमीन कोणाला मिळेल हे ठरवण्याचा शोगुनचा अधिकार इथे बाजूच्या दाराने विकला जात होता. ओकामोतोला जाळले, अरिमाला मृत्युदंड झाला आणि त्याच वर्षी शोगुनच्या स्वतःच्या मुलखात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. ती १६१४ मध्ये देशभर लागू झाली.

तिसरा शोगुन इएमित्सू याने १६३३ ते १६३९ दरम्यान एकामागून एक हुकूम काढले. १६३५ मध्ये जपान्यांना परदेशी जाण्यास आणि बाहेर असलेल्यांना परतण्यास देहदंडाच्या धाकाने मनाई झाली. याच वर्षी दाइम्योंनी आलटून-पालटून शोगुनच्या एदो या राजधानीत हजर राहण्याचा नियम पक्का केला. दोन्ही हुकूम एकत्र वाचले की रोख दाइम्योंवर होता हे कळते.

जुन्या अरिमा मुलखात, शिमाबारात, नवा दाइम्यो मात्सुकुरा होता. त्याची करवसुली निर्दय होती. १६३७ च्या अखेरीस शेतकरी आणि अरिमांचे बेकार झालेले सामुराई उठले. ख्रिस्ती झेंडे लावून, अमाकुसा शिरो या किशोराला पुढे करून सुमारे ३७,००० लोक ओसाड हारा किल्ल्यात शिरले. सव्वा लाखाच्या आसपास फौज लावूनही किल्ला पडायला एप्रिल १६३८ उजाडले. शोगुनच्या बाजूने एका डच जहाजानेही तोफा डागल्या. आतले जवळपास सगळे मारले गेले. दाइम्यो मात्सुकुरा कात्सुइए याचा मात्र शिरच्छेद झाला. दाइम्योला सेप्पुकूची म्हणजे स्वतःचे पोट चिरून सन्मानाने मरण्याची मुभा न देणे ही शिक्षा तोकुगावा काळात अपवादात्मकच. म्हणजे उठावाचे कारण अत्याचारी वसुली होती, हे एदोला कळले होते. तरी जाहीर खापर धर्मावर फुटले.

पोर्तुगीजांना हाकलायला तरी एक अडचण होती : चिनी कच्चे रेशीम तेच आणत. ते आम्ही पुरवू, असे डचांनी सांगितल्यावरच १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांना कायमची बंदी झाली. पुढल्या वर्षी मकाऊहून विनवणी करायला आलेल्या शिष्टमंडळातील ६१ जणांची मुंडकी उडवली आणि १३ जणांना निरोप सांगायला परत पाठवले.

१६४१ पासून डच व्यापारी नागासाकीतल्या देजिमा या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर राहू लागले. किनाऱ्याला जोडणारा एकच पूल आणि त्यावर पहारा. तरी ‘बंद देश’ हे वर्णन ढोबळच आहे. चिनी व्यापार नागासाकीत चाले, कोरियाशी त्सुशिमामार्फत, र्‍युक्यू बेटांशी सात्सुमा संस्थानामार्फत आणि उत्तरेकडील ऐनू लोकांशी मात्सुमाए संस्थानामार्फत. डच प्रमुखाला जगाच्या बातम्यांचा अहवाल शोगुनला द्यावा लागे. ‘बंद देश’ या अर्थाचा ‘साकोकू’ हा शब्दही १८०१ मधला, शिझुकी तादाओ या दुभाष्याने भाषांतर करताना घडवलेला.

१८५४ मध्ये अमेरिकन नौदलाच्या दबावाखाली बंदरे उघडू लागली. १८६५ मध्ये चोशू या पश्चिमेकडील संस्थानाने सात्सुमाच्या नावावर नागासाकीतल्या ब्रिटिश व्यापाऱ्याकडून सुमारे ७,००० बंदुका घेतल्या. तीन वर्षांत या दोन संस्थानांनी तोकुगावांची सत्ता संपवली.