तीन शंकू आणि एक गोल: रेसिप्रोकल लॅटिसची पार्श्वभूमी

नागपूर विद्यापीठाच्या एम.एस्सी. फिजिक्सच्या मुलांना रेसिप्रोकल लॅटिस भेटते ती बहुतेक थेट व्याख्येतूनच. फळ्यावर a* = (b × c)/V येतं, त्याखाली b* आणि c* येतात, मग एवाल्डचा गोल काढला जातो आणि तास पुढे सरकतो. ही व्याख्या कुणाला का सुचली असेल, हा प्रश्न मात्र मागे राहतो. त्याचं उत्तर 1912 आणि 1913 या दोन वर्षांत आहे, आणि ते कळलं की व्याख्या पाठ करायची गरजच उरत नाही.

1912 च्या सुरुवातीला म्युनिकमध्ये पॉल एवाल्ड हा तरुण सोमरफेल्ड यांच्या हाताखाली प्रबंध लिहीत होता. अणू जालकात मांडलेले असले की त्या मांडणीमुळेच प्रकाशाचं दुहेरी अपवर्तन होतं का, हा त्याचा विषय. त्याबद्दल तो माक्स फॉन लाउए यांच्याशी बोलायला गेला, तेव्हा लाउएंनी विचारलं की तरंगलांबी अणूंमधल्या अंतराहून लहान घेतली तर काय होईल? एवाल्डचं गणित त्या तरंगलांबीलाही लागू होतं, पण त्याला प्रबंध संपवायचा होता. लाउएंच्या डोक्यातून मात्र तो प्रश्न गेला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फ्रीडरिख आणि क्निपिंग यांनी आधी मोरचुदाच्या आणि नंतर झिंक सल्फाइडच्या स्फटिकातून क्ष-किरण सोडले, आणि फोटोप्लेटवर ठिपके उमटले.

लाउएंनी या ठिपक्यांचं गणित मांडलं ते असं. स्फटिकातली एक ओळ घ्या. तिच्यातल्या शेजारच्या अणूंमधलं अंतर a. या दोन अणूंकडून निघालेल्या लाटांच्या वाटेतला फरक तरंगलांबीच्या पूर्ण पटीत असेल, तरच त्या लाटा एकमेकींना बळ देतात. एकाच ओळीचा विचार केला तर ही अट पाळणाऱ्या दिशा त्या ओळीभोवती शंकूच्या आकारात पसरतात. स्फटिकाला a, b, c अशा तीन दिशा आहेत, म्हणून अटी तीन आणि शंकूंचे संच तीन. ठिपका तिथेच पडणार, जिथे तिन्ही संचांतला एकेक शंकू एकाच रेषेत भेटतो.

खरी अडचण इथे आहे. दोन शंकू सहज छेदतात, पण तिसरा नेमका त्याच छेदरेषेतून जाणं हा योगायोग झाला. दिशा ठरवायला दोन संख्या पुरतात आणि आपल्याकडे समीकरणं तीन. तरंगलांबी ठरलेली असेल तर उत्तर बहुतेक वेळा मिळतच नाही. फोटोवर मात्र ठिपके भरपूर होते. लाउएंनी झिंक सल्फाइडच्या ठिपक्यांसाठी पाच वेगवेगळ्या तरंगलांब्या गृहीत धरल्या. त्यातून दिसलेले ठिपके बसले, पण त्याच पाच तरंगलांब्यांनी आणखी बरेच ठिपके पडायला हवे होते, आणि ते कुठेच नव्हते. नोव्हेंबर 1912 मध्ये केंब्रिजला लॉरेन्स ब्रॅगने हा गुंता सोडवला. येणारा किरण अनेक तरंगलांब्यांचा सलग पट्टा आहे, जालक फेस-सेंटर्ड आहे, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे अणूंच्या एखाद्या समांतर पातळ्यांच्या कुळावरून झालेलं परावर्तन आहे, असं त्याने दाखवलं. त्यातून 2d sinθ = nλ हे सूत्र निघालं; d म्हणजे शेजारच्या पातळ्यांमधलं अंतर आणि θ म्हणजे किरण आणि पातळी यांच्यातला कोन.

ब्रॅगचं सूत्र सोपं आहे, पण ते एका वेळी पातळ्यांच्या एकाच कुळाबद्दल बोलतं. स्फटिक असा धरला आणि किरण तसा सोडला तर एकूण कुठे कुठे ठिपके पडतील, हे एका नजरेत दाखवणारं चित्र त्यात नाही. ते चित्र एवाल्डने 1913 च्या लेखात दिलं.

त्याची युक्ती म्हणजे अज्ञात गोष्टच बदलणं. लाउए बाहेर पडणाऱ्या किरणाची दिशा शोधत होते. त्याऐवजी किरणाच्या दिशेने 1/λ लांबीचा सदिश काढा, येणाऱ्याचा एक आणि जाणाऱ्याचा एक, आणि दोघांतला फरक Δ हाच अज्ञात माना. आता लाउएंच्या तीन अटी अशा दिसतात:

```
Δ·a = h
Δ·b = k
Δ·c = l
```

h, k, l या पूर्ण संख्या. पहिल्या अटीकडे नीट पाहा. Δ च्या अवकाशात ती शंकू राहिलेली नाही. ती a ला लंब असलेल्या, एकमेकींपासून 1/a अंतरावरच्या सपाट पातळ्यांची रांग झाली आहे. दुसरी अट म्हणजे तशीच दुसरी रांग, तिसरी म्हणजे तिसरी. तीन दिशांच्या समांतर पातळ्या एकमेकींना छेदतात तेव्हा उरतात ते बिंदू, आणि ते बिंदू स्वतःच एक जालक असतात. ही रेसिप्रोकल लॅटिस, व्यस्त जालक. फळ्यावरचं a* = (b × c)/V हे या तीन समीकरणांचं उत्तर लिहायची रीत आहे. असे व्यस्त सदिश येल विद्यापीठातल्या गिब्ज यांनी 1880 च्या दशकातच आपल्या सदिश गणिताच्या टिपणांत मांडले होते. त्याच्याही आधी, साधारण 1850 मध्ये, ब्राव्हे यांनी पातळ्यांच्या प्रत्येक कुळासाठी एक लंब रेषा काढून त्यांचं जालक बनवलं होतं. पण तेव्हा ते स्फटिकशास्त्रातलं भूमितीचं साधन होतं, विवर्तनाशी त्याचा संबंध जोडण्याचा प्रश्नच नव्हता.

एक अट अजून उरली. किरण आत येताना आणि बाहेर जाताना तरंगलांबी तीच राहते, म्हणून दोन्ही सदिशांची लांबी 1/λ. याचा अर्थ Δ चं टोक 1/λ त्रिज्येच्या एका गोलावरच असू शकतं, आणि तो गोल लॅटिसच्या मूळबिंदूतून जातो. झालं. लॅटिसचा एखादा बिंदू गोलावर आला तर ठिपका, नाही तर नाही. गोलाच्या केंद्रापासून त्या बिंदूकडे जाणारी दिशा हीच ठिपक्याची दिशा. तीन शंकू जुळवण्याची कटकट संपली आणि प्रश्न उरला तो बिंदू गोलावर आहे की नाही एवढाच. ब्रॅगचं सूत्रही यातच आहे: बिंदूचं मूळबिंदूपासूनचं अंतर 1/d असतं, आणि गोलातली तेवढ्या लांबीची जीवा म्हणजे 2 sinθ/λ.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. धातू ॲल्युमिनियम घेतो. नागपुरात वाडीला या धातूच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्रच आहे, आणि कॉलेजच्या एक्सआरडीवर, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाच्या यंत्रावर, सहज तपासता येणारा नमुनाही तोच. जालक फेस-सेंटर्ड क्युबिक, a = 4.05 अँगस्ट्रॉम. त्यामुळे रेसिप्रोकल लॅटिसमध्ये h, k, l तिन्ही सम किंवा तिन्ही विषम असलेलेच बिंदू शिल्लक राहतात. कॉपर के-आल्फा किरणाची तरंगलांबी 1.5406 अँगस्ट्रॉम. एकच स्फटिक घ्या, तो हलवू नका, आणि किरण त्याच्या a अक्षाच्या दिशेने सोडा. गोलाचं समीकरण थोडं आवरलं की अट अशी येते:

```
h² + k² + l² = (2a/λ)·|h| = 5.26·|h|     (h ऋण)
```

h = −1 घेतला तर k² + l² ची किंमत 4.26 हवी. पण k आणि l विषम, म्हणून मिळतात 2 किंवा 10. h = −2 ला 6.5 हवेत, मिळतात 4 किंवा 8. h = −3 ला 6.8 हवेत, मिळतात 2 किंवा 10. h = −4 ला 5.0 हवेत, पुन्हा 4 किंवा 8. h = −5 ला 1.3 हवेत आणि कमीत कमी मिळतात 2. त्याच्या पुढे गोलच संपतो. म्हणजे एकही ठिपका पडणार नाही. लाउएंच्या अडचणीचं हे आकड्यांतलं रूप आहे.

आता तरंगलांबी मोकळी सोडा. वेगवेगळ्या λ म्हणजे वेगवेगळ्या त्रिज्यांचे गोल, सगळे मूळबिंदूतून जाणारे, आणि त्यांनी मधली सगळी जागा व्यापलेली. मग (−1, 1, 3) हा बिंदू आपली तरंगलांबी स्वतःच निवडतो: 2a·1/11, म्हणजे 0.736 अँगस्ट्रॉम. k आणि l ची चिन्हं आणि जागा बदलून असे आठ बिंदू मिळतात, सगळे किरणापासून सारख्याच कोनात, साधारण 35 अंशांवर. प्लेटवर चौपट सममितीचं आठ ठिपक्यांचं कडं उमटतं. म्युनिकच्या झिंक सल्फाइडच्या फोटोत अशीच चौपट सममिती दिसली होती.

एकच तरंगलांबी ठेवायची असेल तर स्फटिक फिरवावा लागतो. स्फटिक फिरला की लॅटिस फिरते आणि तिचे बिंदू एकेक करून गोलातून पार होतात. 1926 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बर्नाल यांनी अशा फोटोंवरून ठिपक्याचे h, k, l वाचण्याचे तक्ते तयार केले. एवाल्डचं चित्र प्रयोगशाळेच्या रोजच्या कामात उतरलं ते मुख्यतः तिथून पुढे.

तिसरी वाट भुकटीची. 1916 मध्ये डिबाय आणि शेरर यांनी ती दाखवली. भुकटीत असंख्य कण सगळ्या दिशांना तोंड करून बसलेले असतात, म्हणून लॅटिसचा प्रत्येक बिंदू मूळबिंदूभोवती फिरून एक पूर्ण कवच होतो. कवच आणि एवाल्डचा गोल हमखास छेदतात, फक्त कवचाची त्रिज्या गोलाच्या व्यासापेक्षा, 2/λ पेक्षा, लहान हवी. ॲल्युमिनियममध्ये या अटीमुळे h² + k² + l² ची किंमत 27 च्या पुढे जाऊ शकत नाही आणि एकूण दहाच शिखरं मिळतात. पहिली पाच 2θ च्या मापाने अंदाजे 38.5, 44.7, 65.1, 78.2 आणि 82.4 अंशांवर येतात. इथे नेम चुकण्याचं कारणच नाही. हे आकडे आले नाहीत तर नमुना खाली-वर बसलाय का, हे आधी पाहावं.

जागा बरोबर आणि उंची चुकीची, असंही होतं, आणि मुलं इथे फार गोंधळतात. भुकटीत सगळ्यात उंच शिखर 38.5 अंशांवरचं, म्हणजे (111) चं. पण भुकटीऐवजी स्वयंपाकघरातली फॉइल लावली तर ते शिखर पार दबतं आणि (200) किंवा (220) वर येतं. लगेच शंका येते की धातूत भेसळ आहे किंवा मशीन बिघडलंय. खरं कारण लॅटिसच्या चित्रात दिसतं. रोलरखाली दाबलेल्या पत्र्यात कण सगळीकडे तोंड करून नसतात, ठरावीक बाजू पत्र्याला समांतर येते. मग बिंदूचं कवच अखंड राहत नाही, काही ठिकाणी दाट आणि काही ठिकाणी रिकामं होतं, आणि नेहमीच्या मोजणीत मशीन कवचाचा फक्त पत्र्याला लंब असलेला भाग पाहतं. एवाल्डचा गोल ठिपक्याची जागा सांगतो. तिथे किती तीव्रता असेल हे कवचाच्या त्या भागात किती कण आहेत आणि जालकाच्या एकेका एकक पेशीतले अणू कसे बसलेत यावर ठरतं. तपासायचं असेल तर तोच नमुना थोडा तिरका करून पुन्हा चालवा. दबलेलं (111) वर आलं तर दोष मशीनचा नाही. किंवा त्याच धातूचा जाड तुकडा मिळाला तर कानशीने कीस काढून तो लावा, शिखरांच्या उंचीचं प्रमाण बरंचसं पुस्तकातल्यासारखं होतं.